फोटोतलं विहार कोणत्या परंपरेचं? मूर्ती सगळ्यात शेवटी बघा

प्रश्न: "आई-बाबा बोधगया, सारनाथ, लुंबिनी करून आले. आतल्या प्रार्थनागृहांचे ढीगभर फोटो आहेत, पण कोणतं थाई, कोणतं तिबेटी, कोणतं श्रीलंकेचं काही कळत नाही. सगळीकडे सोनेरी बुद्धच दिसतो. चार फोटो जोडलेत. मूर्ती, वेदी, छत बघून देश ओळखता येतो का?"

येतो, पण तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय त्याच्या उलट क्रमाने बघितलं तर. मूर्ती ही खोलीतली सगळ्यात फिरती वस्तू असते. आपल्याकडचंच बघा ना. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी विहारांत थायलंडच्या उपासकांनी दान दिलेली मूर्ती बसवलेली आहे. शेजारी बाबासाहेबांचा अर्धपुतळा, भिंतीवर पंचशील ध्वज, खाली सतरंजी. त्या मूर्तीचा नुसता चेहरा कापून कुणी मला पाठवला, तर मी डोळे झाकून "थाई" म्हणेन आणि विहार निघेल नांदेडचं. मूर्ती भेट मिळते, विकत आणता येते, जहाजाने येते. छत तसं येत नाही. आणि रोजची वंदना कशी होते त्यावरून जमिनीवर जी मांडणी ठरलेली असते, ती तर अजिबात येत नाही.

बौद्ध स्थळांच्या छायाचित्रांच्या नोंदी करणं हे माझं काम आहे. म्हणजे कुणीतरी संग्रहाला दिलेल्या, मागे काहीही न लिहिलेल्या फोटोंखाली दोन ओळी लिहिणं. तिथे मी पाळतो तो क्रम असा: आधी जमीन, म्हणजे माणसं कुठे आणि कशी बसतात. मग छत. मग वेदीवर काय मांडलंय. मूर्ती शेवटी, आणि तीही आधीच्या तिघांशी जुळते का एवढंच तपासायला.

आणखी एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवू. तुम्ही "देश" विचारताय, पण फोटोतून कळते ती परंपरा. दोन्ही दरवेळी जुळत नाहीत. लुंबिनीत ज्याला सगळे "जर्मन मंदिर" म्हणतात ते जर्मन लोकांच्या पुढाकाराने बांधलेलं आहे, पण आतून शंभर टक्के तिबेटी पद्धतीचं आहे, द्रिकुंग काग्यू या शाखेचं. आत उभं राहून जर्मनी शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. म्हणून अल्बममध्ये "तिबेट" लिहिण्यापेक्षा "तिबेटी पद्धतीचं" लिहिलेलं बरं. तिबेटी पद्धतीची मंदिरं इतर देशांतल्या दात्यांनीही उभारलेली असतात.

छताकडे मान वर करण्याआधी फोनमध्ये बघा. मूळ फाईल असेल तर तीत वेळ असते, बहुतेकदा ठिकाणही असतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली ही माहिती पुसली जाते, त्यामुळे आईच्या फोनमधूनच फाईल घ्या. त्याच्या आधीचा-नंतरचा फोटो फाटकाचा किंवा पाटीचा निघाला तर माझ्या उत्तराची गरजच उरत नाही. लुंबिनीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. केन्झो टांगे या जपानी वास्तुकाराच्या आराखड्यानुसार तिथे मधोमध लांब कालवा आहे, त्याच्या पूर्वेला थेरवादी, म्हणजे श्रीलंका-थायलंड-ब्रह्मदेशाकडच्या परंपरेची विहारं आणि पश्चिमेला महायान-वज्रयान, म्हणजे चीन-जपान आणि तिबेटकडची. फोटोचं ठिकाण नकाशावर टाकलं आणि ते कालव्याच्या पूर्वेला आलं, तर तिबेट, चीन, कोरिया, जपान हे सगळे पर्याय एका झटक्यात गळतात.

आता तुमचे फोटो.

पहिला फोटो, बाबा हात जोडून उभे आहेत तो. तुम्ही त्यावर "थाई?" असं प्रश्नचिन्ह टाकलंय. आधी जमीन बघा. बाबांच्या उजव्या हाताला भिंतीलगत एक बुटका, लांबलचक ओटा दिसतोय, त्यावर चौकोनी आसनं ओळीने मांडलीत. ती भिक्खूंची जागा. उपासक खाली गालिच्यावर, भिक्खू थोडे वर आणि बाजूला, असं बसणं थायलंड-लाओस-कंबोडियाच्या बाजूला ठरलेलं आहे. तिबेटी पद्धतीत असा एकच ओटा एका भिंतीला नसतो, ते पुढे येईलच.

आता छत. गडद लाल रंग आणि त्यावर ठरावीक अंतराने सोनेरी तारे, म्हणजे खरं तर पाकळ्यांची फुलं, चौकटीत बसवलेली. थाई मंदिरांच्या छताची ही नेहमीची सजावट. त्यात आकाश सुचवलेलं असतं, म्हणून मधे एक मोठा तारा आणि भोवती लहान तारे अशीही रचना असते. इथे एक सावधगिरी घ्या: लाल रंगावर एकट्याने विसंबू नका. पिवळ्या दिव्यात फोनचा कॅमेरा तपकिरी लाकडालाही लाल करतो. रंगापेक्षा ते सोनेरी ठिपके नियमित अंतरावर आहेत का, एकाच साच्यातले आहेत का, हे बघा. तुमच्या फोटोत डावीकडच्या कोपऱ्यात चार-पाच स्पष्ट दिसतात आणि सगळे एकसारखे आहेत.

वेदीकडे या. मोठ्या मूर्तीची बैठक एकावर एक अशा कमी होत जाणाऱ्या थरांची आहे आणि तिच्या पुढ्यात सोनेरी पायांची लहान-मोठी टेबलं पायऱ्यांसारखी लावलीत. कुणावर फुलदाणी, कुणावर मेणबत्ती, सगळ्यात पुढच्यावर उदबत्त्यांचं भांडं. हा टेबलांचा संचच असतो, पाच, सात किंवा नऊ टेबलांचा, आणि थाई घरांतून, शाळांतून, कार्यालयांतूनही तो तसाच मांडतात. मुख्य मूर्तीच्या पुढे लहान मूर्तींची गर्दी आहे, सगळ्या बुद्धाच्याच. इतर कोणी बोधिसत्त्व नाही, देवी नाही, गुरू नाही. दोन बाजूंना हात जोडलेले दोन मुंडण केलेले भिक्खू आहेत ते बुद्धाचे दोन प्रमुख शिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान. एवढ्यावरून थेरवाद पक्का.

मूर्तीच्या बैठकीवर मधोमध बघा, फोटो मोठा करावा लागेल. एक बाई बसलीय आणि दोन्ही हातांनी आपले लांब केस पिळतेय. ती धरणी. माराने बुद्धाला आव्हान दिलं तेव्हा बुद्धाने जमिनीला बोट लावून तिला साक्षीला बोलावलं, ही गोष्ट आपल्याला भूमिस्पर्श मुद्रेमुळे माहीत असते. तिकडच्या कथेत पुढे असं येतं, की धरणीने केस पिळले आणि पूर्वजन्मीच्या दानांच्या वेळी सोडलेलं सगळं पाणी त्यातून वाहून माराचं सैन्य बुडालं. हे दृश्य थायलंड, लाओस, कंबोडिया आणि ब्रह्मदेश या पट्ट्यात मिळतं. श्रीलंकेच्या विहारात शोधाल तर बहुधा मिळणार नाही, तिबेटी वेदीवर तर नाहीच.

म्हणजे "थाई" पक्कं झालं का? अजून नाही. बोधगयेत लाओस आणि कंबोडियाची विहारंही आहेत, आणि त्यांची मांडणी थाईशी इतकी मिळतीजुळती असते की नुसत्या छतावरून मीसुद्धा पैज लावणार नाही. इथे निकाल देतात त्या दोन साध्या गोष्टी, लिपी आणि तसबिरी. थाई अक्षरांच्या टोकाला बारीकशी पोकळ गाठ असते. कंबोडियाच्या अक्षरांना डोक्यावर केसाच्या बटेसारखी वळणं असतात. तुमच्या फोटोत दानपेटीवरची पाटी धूसर आहे, पण मागे भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तीची मोठी सोनेरी चौकटीतली तसबीर आहे, तिच्याखाली पिवळा-पांढरा कपडा लावलाय. थाई विहारात राजाची तसबीर लावायची पद्धत आहे. छत, टेबलं, तसबीर असं तिन्ही एका दिशेला गेल्यावर मी "थाई" लिहितो. बोधगयेचं मुख्य थाई मंदिर बुद्धजयंतीच्या 2500 व्या वर्षाच्या सुमाराला, 1956 नंतर, उभं राहिलं आणि ते बाहेरून बँकॉकच्या संगमरवरी मंदिराच्या धर्तीवर आहे. उतरत्या, टोकदार, थरांच्या छपराचा बाहेरचा एखादा फोटो त्याच दिवशीचा सापडला तर जागाही ठरेल.

दुसरा फोटो जास्त मजेचा आहे. आईंनी सोबत "तिबेट मंदिर" असं लिहिलंय, आणि चुकीचं म्हणता येणार नाही. पण त्यात अजून बरंच काही आहे.

जमीन: दारापासून वेदीपर्यंत मधे मोकळी वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना बुटक्या, रंगवलेल्या बाकांच्या रांगा, त्यांच्या मागे जाड गाद्या. रांगा वेदीकडे तोंड करून नाहीत, एकमेकींकडे तोंड करून आहेत. भिक्खू समोरासमोर बसून पाठ करतात, पोथी त्या बाकावर ठेवतात. पंढरपूरच्या वाटेवर टाळकरी समोरासमोर उभे राहतात, तशीच ही दोन फळ्यांची रचना. तिबेटी पद्धतीचं प्रार्थनागृह ओळखायला मला हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती सजावट नाही, वापर आहे. मूर्ती झाकलेली असली, छत कापलं गेलं असलं तरी ही मांडणी फोटोच्या खालच्या अर्ध्यात राहतेच. वाटेच्या वेदीकडच्या टोकाला उंच आसन दिसलं, त्यावर रेशमी कापड आणि कुणाची तरी तसबीर, तर ते प्रमुख लामांचं आसन.

छत: लाकडी तुळया, प्रत्येक तुळईवर रंगीत वेलबुट्टी, आणि मधल्या खणातून वरून उजेड येतोय. मधला भाग बाजूंपेक्षा उंच उचलून त्याला खिडक्या ठेवायच्या, ही हिमालयातली जुनी युक्ती. थंडीमुळे भिंतींना खिडक्या कमी, मग उजेड वरून. बिहारच्या उन्हाळ्यात त्याची गरज नसते, तरी तशीच बांधतात. छतातून लटकलेले ते रंगीत कापडी दंडगोल म्हणजे विजयध्वज. खांबांना लटकलेल्या लांब पट्ट्या पताका. तुम्ही फोटोसोबत त्यांना "कंदील" म्हटलंय. कंदील कोरियन विहारात असतात, कागदी कमळांचे, छतभर, आणि प्रत्येकाला दात्याच्या नावाची चिठ्ठी लटकलेली. हे ते नाहीत.

वेदी: सात वाट्या एका ओळीत, पाण्याने भरलेल्या. तुपाच्या दिव्यांची रांग. शंकूसारखे, रंगीत चकत्या लावलेले उंच नैवेद्य, ते सातूचं पीठ आणि लोण्याचे, त्यांना तोर्मा म्हणतात. भिंतीतल्या कप्प्यांत कापडात गुंडाळलेल्या लांबट पोथ्या. इथपर्यंत सगळं तिबेटी पद्धतीचं सामाईक. लडाख, सिक्कीम, भूतान, धरमशाला, कुठेही हेच मिळेल.

शाखा किंवा देश ठरवायचा तर आता, आणि आताच, मूर्तींकडे वळायचं. मधे बुद्ध आहेत ते सगळीकडेच असतात, त्यांना सोडून द्या. बाजूला कोण आहे ते बघा. बाजूला पिवळी टोकदार टोपी घातलेले गुरू आणि त्यांचे दोन शिष्य असतील, तर ते चोंखापा, आणि मंदिर गेलुग शाखेचं, दलाई लामांच्या शाखेचं. काळ्या मुकुटासारख्या टोपीतल्या लामांच्या तसबिरी सगळीकडे असतील, तर करमापांची कर्म काग्यू शाखा. तुमच्या फोटोत डावीकडे मिशी असलेले, डोळे विस्फारलेले, डाव्या काखेत त्रिशूळ धरलेले आहेत ते गुरू पद्मसंभव. बरेच जण इथेच "न्यिंगमा शाखा" लिहून मोकळे होतात, कारण न्यिंगमा परंपरेचे ते आद्य गुरू. पण उजव्या टोकाला एक मूर्ती फोटोच्या कडेने अर्धी कापली गेलीय, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. छातीपर्यंत रुळणारी लांब टोकदार दाढी स्पष्ट दिसते. तिबेटी वेदीवर दाढीवाले गुरू मोजकेच. बुद्ध, पद्मसंभव आणि असे दाढीवाले, हे तिघं एकत्र आले की माझा पहिला अंदाज झाबद्रुंग न्गवांग नामग्याल, 17व्या शतकात भूतान एकत्र आणणारे. हे त्रिकूट भूतानच्या मंदिरांत सतत भेटतं.

आता हा अंदाज तपासायला भिंत बघा. तुमच्या फोटोतली डावीकडची भिंत सपाट चित्राची नाही. आकृतींच्या कडेला सावली पडलीय, एका हत्तीची सोंड भिंतीतून पुढे आलीय. म्हणजे मातीत उठाव देऊन घडवलेली आणि वर रंगवलेली दृश्यं. बोधगयेच्या शाही भूतानी मठात बुद्धचरित्र अशाच उठावाच्या मातीकामात भिंतभर आहे, आणि तिथल्या इतर मंदिरांत शिरल्यावर हे सहसा दिसत नाही. आजूबाजूला राजाची तसबीर असेल, अंगावर पिवळं उपरणं, तर आणखी एक दुवा. भूतानमध्ये पिवळं उपरणं राजाला आणि प्रमुख धर्मगुरूंनाच घेता येतं. मी या फोटोखाली लिहीन: "तिबेटी पद्धतीचं प्रार्थनागृह, भूतानी, बहुधा शाही भूतानी मठ, बोधगया." तो "बहुधा" राहू द्या, फाईलमधलं ठिकाण मिळालं की काढा.

एक अडचण सांगून ठेवतो. हिवाळ्यात बोधगयेत मोठे प्रार्थना-महोत्सव भरतात आणि तेव्हा मंदिरांची आतली सजावट बदलते. जास्तीचे चांदवे, उभारलेले तोर्मांचे मनोरे, पाहुण्या लामांच्या तसबिरी. त्या दिवसांतल्या फोटोत तसबिरीवरून शाखा ठरवलीत तर पाहुण्याचं घर यजमानाच्या नावावर लावाल. स्थिर मूर्ती आणि भिंत यांनाच धरून चाला.

तिसरा फोटो. तुम्ही लिहिलंय, "गाईड म्हणाला चित्रं जपानी माणसाने काढली, म्हणून हे जपानी मंदिर असणार." गाईड खरं बोलला, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. हे सारनाथचं मूलगंधकुटी विहार आहे, आणि माझा सगळा मुद्दा एका खोलीत बघायचा असेल तर यापेक्षा चांगली खोली नाही.

श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी स्थापन केलेल्या महाबोधि सोसायटीने हे विहार 1931 मध्ये खुलं केलं. भिंतींवरचं बुद्धचरित्र कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने पुढच्या काही वर्षांत रंगवलं. वेदीवरची सोनेरी मूर्ती धम्मचक्र मुद्रेत आहे, ती सारनाथच्याच संग्रहालयातल्या गुप्तकाळच्या प्रसिद्ध मूर्तीच्या नमुन्यावर. म्हणजे संस्था श्रीलंकेच्या प्रेरणेची, हात जपानी, मूर्तीचा चेहरा पाचव्या शतकातल्या काशीचा. मूर्तीपासून सुरुवात केली तर "भारतीय", भिंतीपासून केली तर "जपानी". जमिनीपासून सुरुवात करा. मोकळी फरशी, समोरासमोरच्या रांगा नाहीत, मोठा ढोल नाही, तातामी चटया नाहीत, वेदीवर एकटे बुद्ध, पुढे फुलं आणि दिवे. सगळं थेरवादी साधेपणाचं.

चित्रं नीट बघितली तर तीही जपानी मंदिराची वाटत नाहीत. माराच्या हल्ल्याच्या दृश्यात रेषा मऊ आहे, रंग फिके आहेत, माणसांची ठेवण अजिंठ्याची आठवण करून देणारी आहे. जपानी मंदिरात भिंतभर बुद्धचरित्र रंगवायची चाल तशीही फारशी नाही. तिथे सगळा भर वेदीच्या गाभाऱ्यावर असतो. (बोधगयेच्या जपानी मंदिरात बुद्धचरित्राची चित्रं आहेत हे मला माहीत आहे. भारतात येऊन बांधणारे सगळेच थोडेफार इथल्यासारखे वागतात.)

मग खुद्द श्रीलंकेतल्या पद्धतीचं विहार कसं ओळखायचं? तुमच्या उरलेल्या ढिगात ते निघेल म्हणून सांगतो. छतावर कमळं रंगवलेली, बहुतेकदा एकच मोठं उमललेलं कमळ आणि भोवती वेलींचे पट्टे. मूर्तीच्या मागे-वर मकरतोरण, दोन बाजूंनी मकर आणि शिखरावर सिंहासारखं तोंड. आपल्या देवळांतलं कीर्तिमुख आठवेल, पण रंग पिवळे-लाल-निळे, भडक. मूर्तीच्या चिवरावर, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रावर, अंगभर एकाला एक लागून बारीक लाटांसारख्या चुण्या. इथे थाईशी नेमका फरक कळतो, कारण थाई मूर्तीचं चिवर अंगाला चिकटलेलं, गुळगुळीत असतं, आणि डाव्या खांद्यावरून एक पट्टी सरळ खाली येते. डोक्यावरची ज्वाला दोघांच्याही मूर्तींना असते, तिच्यावर जाऊ नका. आणि वेदीचं टेबल बघा: देठाशिवाय खुडलेली फुलं ताटांत किंवा थेट टेबलावर पसरलेली. थाई वेदीवर फुलदाण्या आणि हार, सिंहली वेदीवर पसरलेली फुलं. हा फरक कुठल्याही ग्रंथापेक्षा फोटोत लवकर दिसतो.

ब्रह्मी पद्धतीचं तर दुरूनही कळतं. पांढऱ्या संगमरवराचा चेहरा, रंगवलेले ओठ, कपाळावर रुंद पट्टी, खांबांवर आरशाच्या तुकड्यांची जडणघडण आणि मूर्तीमागे लुकलुकणारी विजेची प्रभावळ. आपल्या गणपतीच्या मंडपात ती खपून जाईल.

चौथा फोटो मला जमला नाही, म्हणजे जितकं हवं तितकं जमला नाही. अंधार आहे, आई मधोमध उभ्या आहेत आणि वेदीचा मधला भाग त्यांच्यामागे गेलाय. अशा वेळी मी कडा बघतो. डाव्या कडेला एक गोल, पोकळ, लाल-सोनेरी लाकडी वस्तू आहे, गादीवर ठेवलेली, बाजूला कापड गुंडाळलेली काठी. ते लाकडी मासा नावाचं वाद्य, पाठाचा ठेका धरायला. उजव्या कडेला तेवढ्याच मोठ्या भांड्यासारखी काशाची घंटा. ही जोडी वेदीच्या दोन अंगांना असली की परंपरा पूर्व आशियाची, महायान. थेरवाद आणि तिबेटी दोन्ही गेले.

आता चीन, व्हिएतनाम की जपान? जमिनीवर गुडघे टेकायच्या जाड, उतरत्या गाद्या आहेत, ओळीने. जपानी मंदिरात बहुतेक तातामी असते किंवा मागे खुर्च्या, आणि मुख्य म्हणजे भक्तांची जागा आणि वेदीचा गाभारा यांत एक स्पष्ट सीमा असते, कठड्याची किंवा पायरीची. गाभाऱ्यावर सोनेरी चांदवा लटकतो, त्याच्या झालरी जवळजवळ वेदीपर्यंत येतात, आणि छत चौकोनी खणांचं असतं, कधी प्रत्येक खणात एकेक फूल. तुमच्या फोटोत छताचा जो कोपरा दिसतो तो साधा, सपाट, पांढरा. म्हणून जपान मी मागे ठेवतो. (जपानी पंथांमधला फरक हा वेगळा विषय. वरळीच्या जपानी बुद्ध मंदिरात गेला असाल तर तिथला मोठा ढोल आठवेल, तो निचिरेन परंपरेच्या मंत्रघोषासाठी. पण बोधगयेचं निप्पोनजी जपानमधल्या अनेक पंथांनी मिळून उभारलेलं आहे, तिथे एक पंथ शोधून उपयोग नाही.)

उरले चिनी आणि व्हिएतनामी. दोघांकडे तीन मोठ्या बुद्धमूर्ती ओळीने, शाक्यमुनी, अमिताभ आणि औषधीचे बुद्ध, अशी वेदी असू शकते. दोघांकडे फळांचे मनोरे, कमळाच्या आकाराचे विजेचे दिवे. आईंच्या दोन्ही खांद्यांवरून एकेक सोनेरी डोकं दिसतंय, त्यामुळे तीन मूर्तींचा अंदाज बांधता येतो, एवढंच. निर्णय लिपी देईल. चिनी मंदिरात खांबांवर उभ्या ओळीत चिनी अक्षरांची जोडवाक्यं असतात. व्हिएतनामी मंदिरात तशी चिनी अक्षरंही असतात, म्हणूनच फसगत होते. पण सूचना, दात्यांची नावं, दानपेटी या व्यवहारातल्या पाट्या रोमन लिपीत आणि अक्षरांच्या वर-खाली टिंबं, टोप्या, शेपट्या लावलेल्या असतात. म्हणजे खांब वाचू नका, दानपेटी वाचा. तुमच्या फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात दानपेटीची वरची कड आहे आणि नेमकी अक्षरं कापलीत. सध्या "महायान, चिनी-व्हिएतनामी पद्धत, ठिकाण अनिश्चित" लिहा.

तुम्ही पाठवलेली प्रत व्हॉट्सॲपवरून आलेली आणि आकाराने लहान झालेली आहे. आईंच्या फोनमधली मूळ फाईल काढून दानपेटीचा आणि डाव्या खांबाचा भाग मोठा करून टाका. त्याच मिनिटाला काढलेले आणखी दोन-तीन फोटो असतील, पुसट, हललेले, बाबांचा अंगठा आलेले. तेही टाका, पुसू नका. माणसं पोझ देऊन उभी असतात तेव्हा वेदी झाकली जाते. हललेल्या फोटोत बऱ्याचदा नेमकं छत आणि भिंत येते.